प्रो-राटा ॲलॉटमेंट: आठशे शेअरवाल्याची थकबाकी १,२०० की २,४००? आणि कॅश बुकात काय, जर्नलात काय?

खानापूरची_श्रुती

नमस्कार मंडळी. बी.कॉम.ला आहे, खानापूरहून बेळगावला रोज येऊन-जाऊन करते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजी पुस्तकातलं वाचून पाठ होतं, खरं डोक्यात मराठीतनंच शिरतं. म्हणून इथे विचारतेय.

गणित असं आहे. एका कंपनीने दहा रुपयांचे ५०,००० शेअर दर्शनी किमतीलाच काढले. अर्जासोबत ३ रुपये, ॲलॉटमेंटला ३, फर्स्ट कॉल २ आणि फायनल कॉल २. अर्ज आले १,००,००० शेअरचे. वाटप असं केलं:

'अ' गट: ६०,००० शेअरचे अर्ज, त्यांना ४०,००० दिले.
'ब' गट: ३०,००० शेअरचे अर्ज, त्यांना १०,००० दिले.
उरलेले १०,००० शेअरचे अर्ज नामंजूर, पैसे परत.

जादा पैसे आधी ॲलॉटमेंटला वळवायचे, त्यातूनही उरले तर पुढच्या कॉलसाठी ठेवायचे. वाटप १ जूनला झालं. ॲलॉटमेंटचे पैसे भरायची शेवटची तारीख १ जुलै, फर्स्ट कॉलची १ ऑक्टोबर, फायनलची १ जानेवारी.

'अ' गटातल्या ८०० शेअर असलेल्या एका शेअरहोल्डरने ॲलॉटमेंट आणि फर्स्ट कॉल दोन्ही भरले नाहीत. फायनल कॉलच्या वेळी मात्र सगळं एकदम भरलं, १० टक्के व्याजासकट. 'अ' गटातल्याच ५०० शेअरवाल्या दुसऱ्याने फर्स्ट कॉलसोबतच फायनलचेही पैसे देऊन टाकले. आगाऊ पैशांवर १२ टक्के व्याज द्यायचं आहे. कॅश बुक आणि जर्नल करा, असा प्रश्न.

आम्हा दोघी मैत्रिणींचं दोन ठिकाणी जुळेना. तिची ॲलॉटमेंटची थकबाकी २,४०० येते, माझी १,२००. आणि ती सगळ्या नोंदी जर्नलात करून परत बँकेच्या तेवढ्या कॅश बुकात लिहिते. असं दोनदा लिहायचं असतं का?

---

निपाणीकर_७२

श्रुतीताई, मैत्रिणीचं बरोबर वाटतंय बघा. ८०० शेअर, प्रत्येकी ३ रुपये ॲलॉटमेंट, गुणिले केलं की २,४००. त्याने भरले नाहीत म्हणजे तेवढे थकले. हे सरळ आहे की.

दुसरं, कॅश बुक आणि जर्नल दोन्ही मागितलं असेल तर बँकेच्या नोंदी फक्त कॅश बुकात. जर्नलात परत लिहिल्या तर खतावणीत त्याच पैशाचं दोनदा पोस्टिंग होणार.

अजून एक. हे जादा पैसे कॉलसाठी ठेवायचं वगैरे आता इतिहासजमा झालंय. आयपीओला अर्ज केला तरी पैसे आपल्याच खात्यात अडकवून ठेवतात, शेअर लागले तेवढेच कापतात. प्रो-राटा ही पुस्तकातली गोष्ट राहिली.

---

वडगाव_खतावणी

निपाणीकर, कॅश बुकाचं तुमचं म्हणणं बरोबर. आयपीओचंही बरोबर, खरं अर्धंच. १ जानेवारी २०१६ पासून पब्लिक इश्यूत सगळ्यांनाच आस्बानं अर्ज करावा लागतो, त्यामुळे तिथे जादा पैसा कंपनीकडे येतच नाही. खरं कॉल काही संपलेले नाहीत. रिलायन्सचा २०२० सालचा राइट्स इश्यू आठवा. १,२५७ रुपयांचा शेअर, अर्जासोबत ३१४.२५, मे २०२१ मध्ये ३१४.२५ आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ६२८.५०. आपल्या शहापूर-टिळकवाडीतल्या कितीतरी जणांनी ते हप्ते भरलेत. आणि अनलिस्टेड कंपनीने थेट चेकने अर्जाचे पैसे घेतले तर श्रुतीच्या गणितासारखंच होतं.

२,४०० मात्र चुकलं. का, ते नीट सांगतो.

त्या माणसाकडे ८०० शेअर आहेत म्हणजे त्याला ८०० *मिळाले*. अर्ज त्याने किती शेअरचा केला? 'अ' गटात ६०,००० वर ४०,००० दिले, म्हणजे तीनास दोन. तर ८०० मिळायला त्याने १,२०० शेअरचा अर्ज केला होता. अर्जासोबत भरले १,२०० × ३ = ३,६०० रुपये. ८०० शेअरचे अर्जाचे पैसे होतात २,४००. म्हणजे १,२०० रुपये त्याचे जास्तीचे कंपनीकडे पडून होते आणि ते ॲलॉटमेंटला वळवले. ॲलॉटमेंटचे मागणे २,४००, त्यातले १,२०० आधीच आले. थकले ते १,२००.

झटपट पडताळा हवा असेल तर गटाचा हिशेब घ्या. 'अ' गटाची ॲलॉटमेंट ४०,००० × ३ = १,२०,०००. जादा अर्जाचे आलेले २०,००० × ३ = ६०,०००. भरायचे राहिले ६०,०००, म्हणजे मिळालेल्या शेअरमागे दीड रुपया. ८०० × १.५० = १,२००. दोन्ही वाटांनी एकच उत्तर यायला हवं. नाही आलं तर अर्जाचे आणि मिळालेले शेअर अदलाबदल झालेत असं समजायचं. कुणी ८०० ला अर्जाचे शेअर धरून दोन तृतीयांश काढलं तर ५३३ आणि वर एक तृतीयांश असा तुकडा येतो. शेअरचा तुकडा आला की प्रश्न परत वाचायचा.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पोरं इथेच गाफील राहतात. २,४०० धरले तरी ॲलॉटमेंट खातं *मिटतं*. मैत्रिणीचं बघा: आधी वळवलेले ९०,०००, बँकेत आले ५७,६००, थकबाकी २,४००, बेरीज दीड लाख. माझं: ९०,०००, ५८,८००, १,२००, बेरीज दीड लाखच. ट्रायल बॅलन्स दोन्हीकडे जुळणार. म्हणून "टॅली झालं" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. ही चूक पासबुक हातात आल्यावरच सापडते, परीक्षेत पासबुक नसतं.

---

खानापूरची_श्रुती

काका, हे टॅली होतं हेच आम्हाला कळत नव्हतं! दोघींचंही जुळत होतं, मग चूक कुणाची तेच समजेना.

आता कॅश बुक आणि जर्नल वेगळं करताना अर्जाची ती मोठी नोंद कशी फोडायची? पुस्तकात एकाच नोंदीत अर्ज खाते डेबिट ३,००,००० आणि खाली चार-पाच खाती क्रेडिट, त्यात बँकही आहे.

---

वडगाव_खतावणी

ते पुस्तकातलं फक्त जर्नल मागितलं असेल तेव्हाचं. कॅश बुकही असेल तर बँक जिथे येते तो तुकडा कापून कॅश बुकात न्यायचा, बाकीचं जर्नलात ठेवायचं.

अर्जाचे ३,००,००० आले. ते कॅश बुकच्या डाव्या बाजूला, बँकेच्या रकान्यात, 'शेअर ॲप्लिकेशन'. नामंजूर अर्जांचे ३०,००० परत गेले. ते उजव्या बाजूला, पुन्हा 'शेअर ॲप्लिकेशन'. एवढ्यानेच ॲप्लिकेशन खात्यात ३,००,००० जमा आणि ३०,००० नावे झाले. जर्नलात उरले २,७०,०००:

शेअर ॲप्लिकेशन खाते डेबिट २,७०,०००
  शेअर कॅपिटल खाते १,५०,०००
  शेअर ॲलॉटमेंट खाते ९०,०००
  कॉल्स इन ॲडव्हान्स खाते ३०,०००

९०,००० कुठून? 'अ' गटाचे ६०,००० वर काढलेच. 'ब' गटाचे जादा शेअर २०,०००, त्याचे पैसे ६०,०००. त्यांच्या १०,००० शेअरची ॲलॉटमेंट ३०,००० च होते. तेवढे तिकडे गेले, वरचे ३०,००० कॉलसाठी आगाऊ राहिले. 'ब' गटाचे दोन्ही कॉल मिळून ४०,००० होतात, ३०,००० त्यात मावतात, म्हणून परत काही द्यायचं नाही. जादा पैसे कॉलपेक्षाही जास्त झाले असते तर वरचा भाग परत केला असता आणि तो पुन्हा कॅश बुकच्या उजव्या बाजूला गेला असता.

आता मैत्रिणीसारखं पुस्तकातली ३,००,००० ची अख्खी नोंद जर्नलात केली आणि परतावा कॅश बुकातही लिहिला, तर ॲप्लिकेशन खात्यात ३०,००० डेबिट शिल्लक उरते. वाटप झाल्यावर ॲप्लिकेशन खात्यात एक पैसाही उरता कामा नये. उरला तर तो बहुतेक दोनदा गेलेला परतावाच असतो. ही चूक मात्र खतावणी केली की लगेच उघडी पडते.

---

कागवाडचा_उसवाला

मंडळी, मध्येच विचारतो, रागावू नका. आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याचा मी सभासद. शेअरची रक्कम वाढवली तेव्हा फरक उसाच्या बिलातनं कापून घेतला, दोन हंगामात. एका हंगामात माझा ऊस दुसरीकडे गेला, तर म्हणाले तुमचा शेअर अपुरा, थकबाकी आहे. हे पण कॉल्स इन एरियर्सच का? मग मला १० टक्के व्याज लागणार का?

---

निपाणीकर_७२

लागणार की. थकबाकी म्हणजे थकबाकी. आणि तुम्ही आधी जास्त भरलं असतं तर १२ टक्के मिळालं असतं.

---

वडगाव_खतावणी

नाही ओ निपाणीकर, हे दोन धागे एकमेकात गुंतवू नका. १० आणि १२ हे आकडे कंपनी कायदा २०१३ च्या टेबल एफ मधले. सहकारी कारखाना कंपनी नव्हे, त्याला सहकार कायदा आणि त्याचे स्वतःचे पोटनियम लागतात. उसवाले काका, तुमच्या कारखान्याच्या पोटनियमात शेअरची रक्कम हप्त्यानं भरायचं काय लिहिलंय, थकली तर मतदानावर काय परिणाम होतो, ते वाचा. छापील पोटनियम सभासदाला मागता येतात. इथे आम्ही जे करतोय ते तुमच्या बिलाला चिकटवू नका.

कंपनीतसुद्धा टेबल एफ हा नमुना आहे, कंपनीनं स्वतःचे आर्टिकल्स केले असतील तर ते चालतात. टेबल एफ प्रमाणे एक कॉल दर्शनी किमतीच्या एक चतुर्थांशापेक्षा मोठा नसावा. वर सांगितलेल्या राइट्समधला शेवटचा हप्ता निम्म्या रकमेचा होता, तो चालला तो असाच.

---

कागवाडचा_उसवाला

बरं बरं. पोटनियमाचं पुस्तक घरात कुठंतरी असेल. तुमचं चालू द्या, वाचतोय. आमच्या पुतणीला हाच विषय आहे.

---

खानापूरची_श्रुती

काका, पुढे ॲलॉटमेंट आणि फर्स्ट कॉल मी करून बघितलं. तपासा प्लीज.

ॲलॉटमेंट देय झाली तेव्हा जर्नलात: शेअर ॲलॉटमेंट खाते डेबिट १,५०,०००, शेअर कॅपिटल खाते क्रेडिट १,५०,०००.
कॅश बुकात डाव्या बाजूला: शेअर ॲलॉटमेंट ५८,८००.
जर्नलात: कॉल्स इन एरियर्स खाते डेबिट १,२००, शेअर ॲलॉटमेंट खाते क्रेडिट १,२००.

फर्स्ट कॉल १,००,०००. आगाऊ पैशातले २०,००० वळवले. त्याने १,६०० भरले नाहीत. ५०० शेअरवाल्याचे १,००० जास्त आले. म्हणून कॅश बुकात फर्स्ट कॉल ७९,४०० लिहिले. बरोबर ना?

---

वडगाव_खतावणी

बँकेत आलेली रक्कम बरोबर, लिहायची पद्धत नाही. ७९,४०० पैकी १,००० हे फर्स्ट कॉलचे पैसेच नव्हेत. फायनल कॉल कंपनीनं अजून मागितलेलाच नाही. सगळे फर्स्ट कॉलला टाकले तर त्या खात्यात जमेची बाजू अशी होईल: आगाऊचे २०,०००, बँकेचे ७९,४००, थकबाकी १,६००. बेरीज १,०१,०००. मागणी एक लाखाची आणि जमा एक लाख एक हजार, म्हणजे खातं मिटणार नाही.

म्हणून कॅश बुकात एकाच तारखेला दोन ओळी:

शेअर फर्स्ट कॉल ७८,४००
कॉल्स इन ॲडव्हान्स १,०००

७८,४०० चा पडताळाही सोपा आहे. 'ब' गटाला फर्स्ट कॉलला एक रुपयाही भरायचा नाही, त्यांचे २०,००० आधीच आहेत. 'अ' गटात ४०,००० शेअर, त्यातले ८०० थकले, उरले ३९,२००, दोनाने गुणलं की ७८,४००.

जर्नलात तीन नोंदी. फर्स्ट कॉल देय झाल्याची १,००,००० ची. कॉल्स इन ॲडव्हान्स डेबिट २०,०००, फर्स्ट कॉल क्रेडिट २०,०००. आणि कॉल्स इन एरियर्स डेबिट १,६००, फर्स्ट कॉल क्रेडिट १,६००. यात बँक कुठेच नाही, म्हणून या तिन्ही जर्नलच्या.

इथे जरा थांबून पैसे मोजू. आतापर्यंत बँकेत आले ३,००,०००, गेले ३०,०००, मग ५८,८०० आणि ७९,४०० आले. शिल्लक ४,०८,२००. दुसऱ्या बाजूनं: मागितलेलं भांडवल शेअरमागे ८ रुपये, ४,००,०००. त्यातून थकबाकी २,८०० वजा, आगाऊ ११,००० मिळवले, ४,०८,२००. हे जमलं म्हणजे कॅश बुक आणि जर्नल एकमेकांशी बोलतायत.

---

निपाणीकर_७२

मग आगाऊचे ११,००० ताळेबंदात कॅपिटलमध्ये मिळवायचे ना? शेवटी तेही शेअरचेच पैसे.

---

वडगाव_खतावणी

नाही. मागितलेलेच नाहीत ते. थकबाकी कॅपिटलमधून वजा दाखवायची, आगाऊ मात्र चालू देण्यांत, 'अदर करंट लायबिलिटीज' मध्ये. कायद्याच्या कलम ५० प्रमाणे आर्टिकल्समध्ये तरतूद असेल तर कंपनी असे पैसे घेऊ शकते, खरं त्या पैशांवर मतदानाचा हक्क मिळत नाही. तोवर कंपनीला ते देणंच आहे, म्हणून तर व्याज द्यावं लागतं. आणि ते व्याज नफा असो नसो द्यायचं असतं, डिव्हिडंडसारखं मर्जीवर नाही.

---

हिंडलगा_क्लासेस

उशिरा आलो, आता बोलतो. अकाऊंटन्सी शिकवतो म्हणून आधी एक शंका काढून टाकतो. कुणी म्हणेल थकलं ते ॲलॉटमेंट, कॉल नव्हे, मग कॉल्स इन एरियर्स कसं? टेबल एफ मध्येच आहे की शेअर काढायच्या अटीनुसार ॲलॉटमेंटला देय झालेली रक्कम ही रीतसर मागितलेला कॉलच समजायची. म्हणून त्या १,२०० ना पण व्याज लागतं.

फायनल कॉलला बँकेत नेमकं काय आलं ते सांगतो. मागणी १,००,०००. आगाऊचे ११,००० (ब गटाचे १०,०००, त्या ५०० शेअरवाल्याचे १,०००) जर्नलातून वळवले. उरले ८९,०००, यात आठशेवाल्याचे फायनलचे १,६०० आले. शिवाय त्याची जुनी थकबाकी २,८००. त्यावर व्याज: १,२०० वर १ जुलै ते १ जानेवारी सहा महिने, ६० रुपये. १,६०० वर १ ऑक्टोबरपासून तीन महिने, ४० रुपये. एकूण १००.

कॅश बुकात १ जानेवारीला तीन ओळी: शेअर फायनल कॉल ८९,०००, कॉल्स इन एरियर्स २,८००, कॉल्स इन एरियर्सवरील व्याज १००.

थकबाकी भरली म्हणून परत जर्नलात काही करायचं नाही. पोरं तिथे कॉल्स इन एरियर्स क्रेडिट, ॲलॉटमेंट डेबिट अशी उलटी नोंद करतात, आणि मिटलेलं ॲलॉटमेंट खातं परत उघडून बसतात. कॅश बुकातून कॉल्स इन एरियर्सला २,८०० जमा पोस्ट झाले की ते खातं आपसूक मिटलं.

आता वादाचा मुद्दा. 'ब' गटाच्या ३०,००० वर व्याज कधीपासून? आम्ही १ जुलैपासून धरतो. २०,००० वर तीन महिने ६००, १०,००० वर सहा महिने ६००, मिळून १,२००. ५०० शेअरवाल्याच्या १,००० वर तीन महिन्यांचे ३०. एकूण १,२३०.

---

वडगाव_खतावणी

सर, १ जुलै का? १ जूनला वाटप झालं त्याच दिवशी ॲप्लिकेशन खात्यातून ३०,००० कॉल्स इन ॲडव्हान्सला गेले. त्या दिवसापासून ते आगाऊ पैसे झाले. १ जुलै ही ॲलॉटमेंट *भरायची* शेवटची तारीख, 'ब' गटाला तर भरायचंच काही नव्हतं. १ जूनपासून धरलं तर २०,००० वर चार महिने ८००, १०,००० वर सात महिने ७००, आणि ते ३०. एकूण १,५३०.

---

हिंडलगा_क्लासेस

तर्क पटतो. खरं अनेक उत्तरपत्रिकांत ॲलॉटमेंटची देय तारीख हीच सुरुवात धरलेली असते, कारण प्रश्नात वाटपाची वेगळी तारीख क्वचितच देतात. इथे दोन्ही तारखा दिल्यात हीच पंचाईत. प्रत्यक्ष कंपनीत काय ते आर्टिकल्स आणि बोर्डाचा ठराव सांगेल. परीक्षेत मी पोरांना सांगतो, ज्या तारखेपासून धरलं ती खाली टीप म्हणून लिहा.

---

वडगाव_खतावणी

टीप लिहायला माझी ना नाही. मी तपासत असतो तर दोन्हीला गुण दिले असते. कंपनीच्या वह्यांत मात्र १ जूनच लिहीन.

---

खानापूरची_श्रुती

म्हणजे कॅश बुकच्या उजव्या बाजूला १,५३० किंवा १,२३०, आणि सोबत टीप. मी १ जूनवालं लिहिलं. शेवटची शिल्लक अशी येते:

५,००,००० (पूर्ण भांडवल जमा) + १०० (मिळालेलं व्याज) − १,५३० (दिलेलं व्याज) = ४,९८,५७०.

कॅश बुक उतरवून काढल्यावरही ४,९८,५७० च आले: ३,००,००० − ३०,००० + ५८,८०० + ७९,४०० + ९१,९०० − १,५३०.

मैत्रिणीला वरचं दाखवलं. ती म्हणतेय की २,४०० घेतले तरी शेवटी थकबाकी भरलीच, मग बँकेत पाच लाख येणारच, फरक काय पडला?

---

वडगाव_खतावणी

चांगला प्रश्न आहे, तिला सांग. मुद्दलात शेवटी फरक राहत नाही, खरं व्याजात राहतो. तिच्या हिशेबानं तो २,४०० वर सहा महिन्यांचं व्याज देणार, म्हणजे १२० आणि ४०, १६०. त्याच्याकडून साठ रुपये जास्त वसूल केले, तेही त्याने आधीच भरलेल्या पैशांवर. आणि त्याने भरलेच नसते आणि शेअर जप्त केले असते, तर त्या १,२०० नी जप्तीच्या खात्यातला आकडाच चुकला असता.

---

निपाणीकर_७२

अस्सं. माझ्याही डोक्यात ८०० × ३ च बसलं होतं. बरं, मग प्रीमियम असता तर? समजा ॲलॉटमेंटच्या ३ रुपयांत १ रुपया प्रीमियम. जादा आलेले १,२०० आधी कॅपिटलला लावायचे का प्रीमियमला?

---

हिंडलगा_क्लासेस

आमच्याकडे आधी कॅपिटलला लावतात. त्याच्या ८०० शेअरच्या ॲलॉटमेंटमध्ये कॅपिटल १,६००, प्रीमियम ८००. जादा १,२०० कॅपिटलला गेले, कॅपिटलचे ४०० आणि प्रीमियमचे अख्खे ८०० थकले. प्रीमियम मिळालाच नाही असं धरलं तर जप्तीच्या वेळी सिक्युरिटीज प्रीमियम डेबिट करावा लागतो.

---

वडगाव_खतावणी

आधी कॅपिटल ही रीत आहे हे मान्य. तरी अर्जाच्या अटीत वेगळं लिहिलं असेल तर अट चालणार. आणि हे लक्षात असू द्या, थकबाकीची एकूण रक्कम दोन्ही पद्धतींनी १,२०० च राहते, फक्त तिची वाटणी बदलते.

---

कागवाडचा_उसवाला

पुतणीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, 'ब' गटातल्या कुणी काही थकवलं नाही ना, मग फायनल कॉलला त्यांच्याकडून बँकेत किती आले?

---

खानापूरची_श्रुती

हे मी सांगते काका. त्यांचा फायनल कॉल २०,०००, आगाऊचे उरलेले १०,००० वळवले, म्हणजे १०,०००. त्या ८९,००० मध्येच ते धरलेत. बाकीचे ७९,००० 'अ' गटाचे: ४०,००० शेअरमधले ५०० आधीच दिलेले, ३९,५०० × २.